एकच मूळ पत्र, बदल फक्त तीन ठिकाणी: हे नेमकं जमवायचं कसं?

केतकी_र

नमस्कार मंडळी,

नोकरी बदलायची खटपट सुरू आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी काम करते. मालाची आवक-जावक, साठ्याची मोजणी, पुरवठादारांचा पाठपुरावा आणि पाठवणीची गर्दी असली की पॅकिंगवर देखरेख, असं एकूण काम. जाहिराती बऱ्याच दिसतात, पण बहुतेक ठिकाणी बायोडेटासोबत एक पानाचं पत्र मागतात. प्रत्येक वेळी कोरं पान घेऊन बसलं की अख्खी संध्याकाळ जाते, आणि तेच पत्र सगळीकडे पाठवलं तर ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं वाटतं.

एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की मूळ पत्र एकच ठेव आणि दर वेळी तीनच भाग बदल. पण कोणते तीन? मी सध्या पदाचं नाव, संस्थेचं नाव आणि तारीख बदलते. त्याला हेच म्हणायचं होतं का?

समोर दोन जाहिराती आहेत. पहिली एका रुग्णालयाच्या औषध भांडारात साठा पर्यवेक्षक पदाची. तिथे लिहिलंय: मुदत असलेल्या मालाची अचूक नोंद, वॉर्डांना वेळेवर पुरवठा, मोजणीतली तफावत कमी ठेवणे. दुसरी ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीच्या गोदामाची: पाठवणीचा वेग, गर्दीच्या काळात हंगामी कामगारांकडून काम करून घेणे, परत आलेल्या मालाची छाननी. दोन्हीकडे अर्ज करायचाय. एकाच पत्रातून दोन्ही कशी निघतील?

निनाद

तुमची सुरुवात बरोबर आहे. नाव, पद आणि तारीख बदलायलाच हवी. त्यात एवढीच भर घाला: जाहिरातीतले महत्त्वाचे शब्द उचला आणि पत्रात जसेच्या तसे टाका. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातात आणि तिथे शब्द जुळले तरच पुढे सरकतात. मी जाहिरातीतली सगळी वाक्यं एका परिच्छेदात आणतो आणि शेवटी 'या सर्वांचा मला अनुभव आहे' असं लिहितो. पाच मिनिटांचं काम.

वाचनखूण

केतकी, माझं काम भरतीचं आहे. आलेली पत्रं वाचून पुढे कुणाला बोलवायचं याची पहिली यादी मी काढते. त्यामुळे हे वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

पद, संस्था आणि तारीख बदलणं हे पत्त्याचं काम झालं. ते करावंच लागतं, पण त्याने पत्र त्या जागेचं होत नाही. बदलायचे तीन भाग म्हणजे पत्रातल्या तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे सुरुवातीची दोन वाक्यं. त्यांच्या कामातली कोणती गरज तुम्ही उचलणार हे तिथे यायला हवं. दुसरी जागा मधला एक परिच्छेद, म्हणजे त्या गरजेला पुरावा ठरेल असं तुम्ही केलेलं एकच काम, तपशिलासह. तिसरी जागा शेवटाच्या आधीचं एक वाक्य. त्यांच्या कामाची जी ठोस गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे तिला तुमचं काम कुठे जोडलं जाईल, एवढंच त्यात सांगायचं.

बाकीचं पत्र, म्हणजे तुम्ही सध्या काय करता, एकूण अनुभव, शिक्षण, कधीपासून रुजू होऊ शकता आणि समारोप, कायमचं. ते एकदा नीट लिहायचं, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. मूळ पत्राचा खरा फायदा हाच. दर वेळी सगळं पत्र चाळत बसलात की चांगली वाक्यं बिघडतात आणि वेळही जातो.

वेग मात्र यातून येत नाही. वेग येतो दुसऱ्या जागेच्या पूर्वतयारीतून. अर्ज करायच्या दिवशी तो परिच्छेद लिहायचा नसतो, निवडायचा असतो. त्यासाठी वेगळ्या फाइलमध्ये पाच-सहा परिच्छेद आधीच तयार ठेवा. प्रत्येकात एकच काम: अडचण काय होती, तुम्ही काय केलं, त्याने काय बदललं. लांबी साधारण सत्तर ते नव्वद शब्द. सगळे जवळपास सारख्या लांबीचे असले की कोणताही टाकला तरी पत्र एका पानात राहतं.

निनाद, शब्दांबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. एकाच गोष्टीला तुम्ही 'माल मोजणी' म्हणत असाल आणि जाहिरातीत 'साठा पडताळणी' असेल, तर त्यांचा शब्द वापरा. शोधणाऱ्या सॉफ्टवेअरलाही बरं आणि वाचणाऱ्यालाही. पण त्यांची वाक्यंच्या वाक्यं उतरवून शेवटी 'अनुभव आहे' असं लिहिलं, की माझ्यासमोर माझीच जाहिरात परत येते. अर्जदार कुठेच दिसत नाही.

दिगंबर७

चांगला विषय. मी मागे हेच केलं होतं. पत्त्यांची यादी स्प्रेडशीटमध्ये घेतली, मेल मर्ज लावलं आणि एका दुपारी शंभरावर ठिकाणी पत्रं गेली. नाव, पद, संस्था सगळं आपोआप भरलं जातं. केतकी यांनी हेच करावं. तीन जागा म्हणजे तीन कॉलम.

वाचनखूण

दिगंबर, त्या शंभर ठिकाणी जागा निघालेल्या होत्या का, की आपली ओळख असावी म्हणून पत्रं पाठवली? केतकीकडे प्रत्यक्ष जाहिराती आहेत, प्रत्येकीत वेगळी मागणी आहे. मर्ज नाव भरून देईल, पण कोणता पुरावा कुठे लागू पडतो हे ते ठरवत नाही.

दिगंबर७

माझं जागा नसताना चौकशी म्हणूनच होतं. तरी पुरावा हासुद्धा एक कॉलम करता येईल की. रुग्णालयापुढे एक खूण, गोदामापुढे दुसरी असं लिहायचं आणि त्या खुणेवरून परिच्छेद येईल अशी सोय करायची. निवड माणसाने करायची, भरणं यंत्राने.

वाचनखूण

तसं नक्की करता येईल. फक्त प्रत्येक पत्र पाठवण्याआधी उघडून वाचा. शंभर पत्रं वाचायला लागली तर मर्जने वाचवलेल्या वेळेतला किती उरतो, हे ज्याचं त्याने पाहावं.

केतकी_र

वाचनखूणताई, जागा आणि मजकूर यांतला फरक आता कळला. आज बसून चार परिच्छेदांचे विषय काढले:

क. साठा मोजणी. आधी वर्षातून एकदाच सगळा माल मोजायचे. मी रोज थोडे कप्पे मोजायची पद्धत सुरू केली. नोंद आणि प्रत्यक्ष माल जुळत नव्हता अशा वस्तू शंभरात सहा होत्या, त्या दोनवर आल्या.
ख. पुरवठादार. उशिरा माल देणाऱ्यांची यादी करून दर आठवड्याला फोनवर पाठपुरावा.
ग. पाठवणी. चुकीचा भाग खोक्यात जाऊ नये म्हणून पॅकिंगच्या आधी दुसऱ्या माणसाची तपासणी.
घ. अजून सुचलेलं नाही.

गोदामासाठी 'ग' चालेल. पण रुग्णालयासाठी काय? मी औषधं कधी हाताळलेली नाहीत. मुदत असलेला माल माझ्याकडे नाही. तिथे अर्जच करू नये का?

वाचनखूण

थांबा, एक विचारते. तुमच्या स्टोअरमध्ये रबरी सील, ओ-रिंग, चिकटद्रव्यं, रंग असं काही येतं का? त्यांना वापराची मुदत असते. ते कसं देता?

केतकी_र

येतं ना! सील आणि चिकटद्रव्याच्या डब्यांवर तारीख असते. आधी जो माल आधी आला तो आधी द्यायचे. पण काही वेळा नंतर आलेल्या खेपेची मुदत आधी संपायची, आणि मग डबे टाकून द्यावे लागायचे. मी कप्प्यांवर मुदतीचा महिना मोठ्या अक्षरात लावायला लागले आणि ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर, असं ठरवून दिलं. मुदत संपल्याने माल फेकणं जवळपास बंद झालं. हे पत्रात लिहिण्यासारखं आहे हे कधी डोक्यातच आलं नाही, रोजचंच काम ते.

वाचनखूण

हा तुमचा 'घ'. रुग्णालयाच्या भांडारात नेमकं हेच लागतं: मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर. औषध की सील हा फरक आहेच आणि तो लपवायचा नाही. पण कामाची रीत तीच आहे आणि ती तुम्ही स्वतः लावून दिली आहे.

म्हणून परिच्छेद तयार करताना 'मी काय काय करते' अशी यादी काढू नका. 'मी असताना काय बदललं' असं विचारा. रोजच्या सरावाच्या गोष्टी अशाच सुटतात, कारण त्या करणाऱ्याला साध्या वाटतात.

आता क्रम सांगते. बहुतेक लोक पत्र वरून खाली बदलत जातात. मी उलटं सुचवेन. आधी जाहिरातीतल्या मागण्या वाचा आणि ज्यावर सर्वात जास्त भर आहे ती एक निवडा. भर कसा ओळखायचा? जी पहिली लिहिली आहे, किंवा जी कामाच्या वर्णनात आणि पात्रतेत अशी दोन्हीकडे आली आहे ती. मग तिला जुळणारा मधला परिच्छेद टाका. सुरुवातीची वाक्यं त्यानंतर. सुरुवात जे सांगते त्याचा पुरावा मध्ये असतो, म्हणून पुरावा हातात असल्याशिवाय सुरुवात लिहिली की ती पोकळ होते. तिसरं वाक्य सर्वात शेवटी.

रुग्णालयासाठी एकदा लिहून दाखवता का?

केतकी_र

प्रयत्न केला.

सुरुवात: 'आपल्या नामांकित रुग्णालयातील साठा पर्यवेक्षक पदाची जाहिरात वाचून अत्यंत आनंद झाला. या पदासाठी मी सर्वार्थाने योग्य उमेदवार आहे असा मला विश्वास आहे.'

मध्ये: 'आमच्या स्टोअरमध्ये सील आणि चिकटद्रव्यं यांसारखा मुदतीचा माल येतो. तो आल्याच्या क्रमाने दिला जात असे, त्यामुळे मुदत आधी संपणारी खेप कधीकधी मागे राहून वाया जायची. मी प्रत्येक कप्प्यावर मुदतीचा महिना लावला, आवक नोंदवतानाच मुदतीची तारीख टाकायची सवय लावली आणि आधी मुदत संपणारा माल आधी देण्याची पद्धत सुरू केली. दर महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या वस्तूंची यादी मी विभागप्रमुखांना देते. त्यामुळे मुदत संपून माल टाकून देण्याची वेळ आता क्वचितच येते.'

शेवट: 'आपल्या संस्थेच्या उज्ज्वल वाटचालीत सहभागी होण्याची संधी मिळावी ही विनंती.'

वाचनखूण

मधला परिच्छेद उत्तम. त्यातल्या तीन महिन्यांच्या यादीवर माझं बोट थांबलं असतं आणि मुलाखतीत मी त्याबद्दलच विचारलं असतं.

पण सुरुवातीला आणि शेवटाला एक चाचणी लावा. संस्थेचं नाव आणि पद झाका आणि वाचा. तेच वाक्य गोदामाच्या पत्रात जसंच्या तसं चालत असेल तर ते बदललेलं नाही. 'नामांकित', 'अत्यंत आनंद', 'उज्ज्वल वाटचाल' कुठेही चालतं.

सुरुवात अशी करून पाहा: 'औषध भांडारातील साठा पर्यवेक्षक पदासाठी अर्ज करत आहे. आपल्या जाहिरातीत मुदत असलेल्या मालाच्या अचूक नोंदीवर भर आहे आणि सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये अशा मालाची नोंद आणि वाटप मी सांभाळते.' दोनच वाक्यं. औषधांचा अनुभव आहे असं कुठे म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याला पुढे काय येणार हे कळतं.

शेवटासाठी जाहिरातीतली दुसरी गोष्ट घ्या, वॉर्डांना वेळेवर पुरवठा. 'कारखान्यात यंत्र थांबू नये म्हणून विभागांच्या मागणीआधीच किमान साठा बाजूला काढून ठेवण्याची पद्धत मी वापरते आणि वॉर्डांच्या पुरवठ्यासाठी ती कितपत लागू पडेल यावर बोलायला आवडेल.' अर्थात ही पद्धत तुम्ही खरंच वापरत असाल तरच.

केतकी_र

वापरते. यंत्र बंद पडलं आणि भाग नसला तर सगळे स्टोअरवरच येतात, म्हणून ते सुरू केलं होतं.

म्हणजे गोदामासाठी मधे 'ग', सुरुवातीत पाठवणी, आणि शेवटी हंगामी कामगार किंवा परत आलेला माल यापैकी एक. बरोबर?

वाचनखूण

बरोबर. पण 'ग' अजून पातळ आहे. दुसऱ्या माणसाची तपासणी लावली की पाठवणी मंदावते, आणि त्यांना वेग हवाय. तपासणी लावूनही त्या दिवसाचा माल त्या दिवशी कसा निघाला हे लिहा. पुरावा मागणीच्या उलट दिशेला ओढत असेल तर तो कितीही खरा असला तरी त्या जागी चालत नाही.

सोहम_क

मजकुराचं छान चाललंय. मी फाइलच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण घाईत घोळ होतात ते तिथेच.

मूळ पत्रात बदलायच्या जागांना अशी खूण करा जी एरवी पत्रात कधीच येणार नाही. मी दोन ॲट वापरतो:

```
@@1  सुरुवात, दोन वाक्ये
     (कायम: सध्याचे काम, एकूण अनुभव)
@@2  पुरावा: क / ख / ग / घ
     (कायम: शिक्षण, रुजू होण्याची मुदत)
@@3  जोडणारे एक वाक्य
     (कायम: समारोप)
```

पाठवण्याआधी `Ctrl+F` दाबून `@@` शोधायचं. एकही सापडता कामा नये. नुसता पिवळा रंग लावून ठेवू नका. रंग अक्षरांइतका सहज शोधता येत नाही आणि पीडीएफमध्ये तसाच जातो.

मूळ फाइल वर्डमध्ये `.dotx` म्हणून साठवा. ती दोनदा क्लिक करून उघडली की नवी कोरी प्रत उघडते, मूळ फाइलवर चुकून सेव्ह होत नाही. गूगल डॉक्समध्ये असाल तर दर वेळी `File > Make a copy`. लोक मागच्या संस्थेला पाठवलेलं पत्र उघडून त्यातच बदल करतात, आणि जुन्या संस्थेचं नाव मागे राहतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

दुसरी गोष्ट फारशी कुणी बघत नाही. वर्डमध्ये `File > Info` इथे `Title` नावाची जागा असते. तिथे जुन्या संस्थेचं नाव भरलेलं असेल तर ते पीडीएफमध्ये जातं आणि फाइल ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या टॅबवर दिसू शकतं. पत्र अगदी बरोबर, आणि टॅबवर भलतंच नाव. मूळ फाइलमध्ये ती जागा रिकामी ठेवा किंवा तिथे फक्त स्वतःचं नाव टाका.

वाचनखूण

टॅबवरचं नाव मी पाहिलेलं आहे, एकापेक्षा जास्त वेळा. सोहमने सांगितलं ते जरूर करा.

अनघा_प

मधेच माझं विचारते. लहान मूल आणि आजारी सासूबाई यांमुळे माझी काही वर्षं नोकरी नव्हती. ते कारण या तीन जागांपैकी कुठे लिहायचं? दर वेळी वेगळं लिहिते आणि दर वेळी सुरुवातच त्याने होते.

वाचनखूण

अनघाताई, तीनपैकी कुठेच नाही. तो कायमचा भाग आहे. खंड सगळ्या ठिकाणी सारखाच आहे, मग दर वेळी नव्याने का लिहायचा? एक-दोन वाक्यं एकदाच ठरवा: केव्हापासून केव्हापर्यंत, घरच्या जबाबदारीसाठी, आणि आता पूर्णवेळ कामाला तयार. ती शिक्षणाच्या आसपास ठेवा. सुरुवातीची दोन वाक्यं त्यांच्या गरजेची आहेत, तिथे खंड आला की वाचणारा आधी खंडाचाच विचार करतो.

मधल्या परिच्छेदासाठी खंडाआधीचं काम घ्या, ते जुनं असलं तरी. मधल्या काळात काही शिकलात किंवा हिशेब, शिकवणी असं काही केलं असेल तर तेही चालेल.

अनघा_प

खंडाबद्दल दोनच वाक्यांत सांगणं म्हणजे काहीतरी दडवल्यासारखं नाही का वाटणार? मला स्वतःला पूर्ण सांगितल्याशिवाय बरं वाटत नाही.

निनाद

अनघाताई, माझ्या बहिणीने पहिल्याच परिच्छेदात मोकळेपणाने सगळं लिहिलं होतं आणि तिला बोलावलं. ज्याचा त्याचा अनुभव. पत्र कोण वाचतं यावर असतं बरंच.

वाचनखूण

असू शकतं. मी माझ्या टेबलावरून सांगते आहे, निनादच्या बहिणीचं पत्र ज्याने वाचलं त्याने वेगळा विचार केला असेल.

केतकी_र

एक अडचण आली. मी 'घ' काढून 'ग' टाकला आणि पुढचा कायमचा परिच्छेद विचित्र वाचायला लागला. त्याची सुरुवात आहे: 'याच सवयीमुळे विभागप्रमुखांनी माझ्याकडे नवीन सहकाऱ्यांना शिकवण्याचं काम दिलं.' आधी ती सवय म्हणजे मुदतीची नोंद होती. आता कोणती सवय ते कळत नाही.

वाचनखूण

सांधा इथेच उसवतो, आणि आपलं पत्र आपणच वाचताना ते बऱ्याचदा दिसतही नाही, कारण डोक्यात जुना परिच्छेद असतो. बदलत्या जागेच्या लगेच पुढचं कायमचं वाक्य 'याच', 'हे', 'वरील', 'त्यामुळे' अशा मागे बोट दाखवणाऱ्या शब्दाने सुरू होऊ देऊ नका. ते स्वतःच्या पायावर उभं हवं: 'गेल्या वर्षापासून स्टोअरमधल्या नव्या सहकाऱ्यांना शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे.' आधी काहीही आलं तरी हे वाक्य बसतं.

तयार परिच्छेदांनाही तेच लागू. 'तसेच', 'याशिवाय' यांनी एकाचीही सुरुवात नको, कारण त्याच्या आधी काय येईल ते तुम्हाला आज माहीत नाही.

सोहम_क

पत्र मराठीत असेल तर आणखी एक. पदाचं नाव वाक्यात घातलं की त्याचं रूप बदलतं. 'पर्यवेक्षक' या जागी खूण ठेवली आणि वाक्य '@@ च्या पदासाठी' असं असलं, तर भरल्यावर 'पर्यवेक्षक च्या' राहतं, 'पर्यवेक्षकाच्या' होत नाही. पदाचं नाव विषयाच्या ओळीत एकटं लिहा, 'विषय: साठा पर्यवेक्षक पदासाठी अर्ज'. कायमच्या भागात नुसतं 'या पदासाठी' आणि 'आपली संस्था'. मग संस्थेचं नाव फक्त वरच्या पत्त्यात बदलावं लागतं.

कुमुदिनी

मी शाळेत शिकवते आणि आमच्याकडे अर्जासोबत ठरावीक प्रश्न देतात: शिस्तीबद्दल तुमचा विचार काय, अमुक प्रसंगी काय कराल, असे. तिथे मूळ पत्र उपयोगाचं नाही असं मला वाटतं.

वाचनखूण

पत्र नाही, पण परिच्छेदांची फाइल उपयोगी पडते. प्रश्नाला उत्तर म्हणून त्यातला एक प्रसंग घेता येतो. पत्राचा सांगाडा मात्र सोडून द्यायचा आणि त्यांनी विचारलेल्या क्रमानेच लिहायचं.

आणखी दोन ठिकाणी मी मूळ पत्र वापरू नका म्हणेन. ओळखीतल्या कुणी तुमचं नाव सुचवून 'त्यांना लिही' म्हटलं असेल तेव्हा, आणि तुम्ही क्षेत्रच बदलत असाल तेव्हा. केतकीला उद्या स्टोअर सोडून प्रशिक्षण विभागात जायचं असेल तर कायमचा भागच चुकीचा ठरतो. तिथे तीन जागा बदलून भागत नाही, दुसरं मूळ पत्र लागतं.

केतकी_र

आज गोदामाचं पत्र गेलं. बसले तेव्हा घड्याळ लावलं होतं: जाहिरात वाचून मागणी निवडायला बराच वेळ गेला, परिच्छेद टाकायला काहीच नाही, सुरुवात आणि शेवट लिहायला थोडा. मोठ्याने वाचून पाठवलं. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत. 'ग' मध्ये तपासणीचा माणूस पॅकिंगच्या टेबलावरच उभा केल्याने वेगळी रांग लागली नाही, हे घातलं.

रुग्णालयाचंही तयार आहे. दोन प्रश्न उरलेत. जाहिरातीत कुणाचंच नाव नाही, तर 'माननीय महोदय' की 'माननीय भरती विभाग'? आणि पत्र मेलमध्येच लिहायचं की जोडायचं?

सोहम_क

मेलमध्ये तीन-चार ओळी आणि पत्र पीडीएफ करून जोडा. फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि पद असू द्या, 'final2' असं काही नको.

निनाद

मी उलटं म्हणेन. जोडलेली फाइल उघडायचा कंटाळा करणारे बरेच असतात. पत्र मेलमध्येच टाका.

वाचनखूण

जाहिरातीत जोडा म्हटलं असेल तर जोडा. नसेल तर मी दोन्हीकडची पत्रं वाचते, त्यामुळे माझं ठाम मत नाही. संबोधनाला 'भरती विभाग' बरं, कारण वाचणारा महोदय की महोदया हे तुम्हाला माहीत नाही.

त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे. पाठवलेली पीडीएफ आणि जाहिरातीची प्रत एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि एका साध्या तक्त्यात तारीख, संस्था, पद आणि कोणता परिच्छेद वापरला ते लिहा. मुदत संपली की जाहिरात संकेतस्थळावरून काढली जाते. बोलावणं काही आठवड्यांनी येतं, आणि समोरचा तुमच्या पत्रातल्या परिच्छेदावरून विचारायला लागतो. तेव्हा रुग्णालयाला 'घ' पाठवला होता की 'क', हे आठवायला हवं.

अनघा_प

हा तक्ता मी आजपासून सुरू करते. खंडाबद्दलची दोन वाक्यं लिहून इथे टाकली तर बघाल का? अजून ती पाच वाक्यं आहेत.

वाचनखूण

टाका. पाचच्या पाच टाका, त्यातली कोणती राहतात ते इथेच बघू.